सहा पोर्ट, पण चारच चालू

मदरबोर्डच्या खोक्यावर सहा सॅटा पोर्ट आणि एक एम.टू स्लॉट असं छापलेलं असतं आणि घेणारा मनातल्या मनात बेरीज करतो, म्हणजे सात ड्राइव्ह बसतील. बेरीज चुकीची नाही. बोर्डवर सात जागा खरोखरच आहेत. पण त्या सातही एकाच वेळी चालतील असं खोक्यावर कुठंच लिहिलेलं नसतं. ते लिहिलेलं असतं मॅन्युअलमध्ये, एका फुलीच्या खुणेशेजारी, सगळ्यात बारीक टाइपात.

ज्यानं ती तळटीप वाचली नाही त्याच्याकडे प्रकार साधारण असा घडतो. जुना संगणक हळू चालतो म्हणून नवी एनव्हीएमई एसएसडी आणली जाते. एम.टू स्लॉटमध्ये ती पट्टी तिरकी घालायची, खाली दाबायची, एक स्क्रू लावायचा, दोन मिनिटांचं काम. संगणक सुरू होतो, एसएसडी दिसते, वेगही जाणवतो. दोन दिवसांनी जुने फोटो पाहायला जावं तर फोटोंची हार्ड डिस्कच गायब! बायोसमध्ये नाही, विंडोजमध्ये नाही. इशारा नाही, लाल अक्षरात संदेश नाही. खोकं उघडून डिस्कवर हात ठेवला तर ती थरथरत असते, म्हणजे फिरते आहे. मग केबल बदलून पाहिली जाते, शेवटी दुरुस्तीवाल्याकडे नेलं जातं आणि तो घाईत असला तर सांगून मोकळा होतो, ‘डिस्क गेली साहेब.’

डिस्क गेलेली नसते. तिला वीज मिळते ती एसएमपीएसमधून आलेल्या वेगळ्या रुंद केबलनं, त्यामुळे ती फिरत राहते. माहिती मात्र दुसऱ्या, अरुंद केबलनं मदरबोर्डवरच्या सॅटा पोर्टात जाते आणि तो पोर्टच नव्या एसएसडीमुळे बंद झालेला असतो. फिरते पण दिसत नाही, हे या दुखण्याचं मुख्य लक्षण. डिस्क खरोखर बिघडली असेल तर बहुधा टकटक आवाज येतो, संगणक सुरू व्हायला वेळ लागतो किंवा डिस्क कधी दिसते, कधी नाहीशी होते. इथं तसं काहीच नसतं. एम.टू स्लॉटमधली एसएसडी काढली की डिस्क ठणठणीत परत येते.

एका जागी पट्टी बसवल्यानं चार बोटं लांबचा पोर्ट बंद का पडावा? सॅटाची ती अरुंद केबल निरखून पाहिली तर तिच्या टोकाला सात संपर्क असतात. त्यातले तीन निव्वळ अर्थिंगचे. उरलेल्या चारांत दोन जोड्या, एक माहिती पाठवायची आणि दुसरी घ्यायची. आता एनव्हीएमई ज्या पीसीआय एक्स्प्रेसवर चालते तिची एक लेन पाहा. तिथंही एक जोडी पाठवायची, एक घ्यायची, एकूण चार तारा. दोघांची भाषा वेगळी आहे, वेग वेगळा आहे, पण तारांची मांडणी जवळपास तीच. म्हणून चिप बनवणारे एकच सर्किट असं आखतात की त्याच चार पिनांवर हवं तर सॅटा बोलता येईल, हवं तर पीसीआय एक्स्प्रेसची एक लेन. चिपच्या पोटातून बाहेर काढता येणाऱ्या पिना मोजक्याच असतात आणि प्रत्येक पीन पैसे खाते. कुणाला सहा हार्ड डिस्क हव्यात, कुणाला दोन एनव्हीएमई. दोघांसाठी दोन वेगळ्या चिप काढण्यापेक्षा एकाच पिनेला दोन कामं शिकवणं स्वस्त पडतं.

एएमडीच्या एएम४ सॉकेटचे रायझन प्रोसेसर हे याचं सगळ्यात सोपं उदाहरण. नेहमीच्या डेस्कटॉप रायझनला चोवीस लेन असतात. सोळा ग्राफिक्स कार्डासाठी, चार चिपसेटशी बोलण्यासाठी आणि उरलेल्या चार साठवणीसाठी. या शेवटच्या चार लेन दोन प्रकारे वापरता येतात. एक तर चारही मिळून एका एनव्हीएमई एसएसडीला द्यायच्या, नाही तर दोन एनव्हीएमईला आणि उरलेल्या दोघींचे दोन सॅटा पोर्ट करायचे. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसमध्ये एका लेनवरून सेकंदाला साधारण ९८५ मेगाबाइट जातात, म्हणजे चार लेनवरून चार हजारांच्या जरा खाली. सॅटाची कमाल मर्यादा ६००. एकच वाट, पण तिच्यावर कोण चालतं त्यावर तिची किंमत ठरते.

इथं ‘शेअर’ या शब्दानं गोंधळ होतो. दोघंजण आळीपाळीनं वापरतील, फार तर वेग जरा कमी होईल, असं वाटतं. तसं नसतं. घरी इन्व्हर्टर किंवा जनरेटर असेल तर मीटरजवळ चेंजओव्हर स्विच असतो. दांडा एका बाजूला केला की महावितरणची वीज, दुसऱ्या बाजूला केला की जनरेटरची, दोन्ही एकदम कधीच नाहीत. लेनचं तसंच आहे. फरक एवढाच की दांडा संगणक सुरू होताना एकदाच फिरतो आणि संगणक बंद होईपर्यंत तिथंच राहतो.

दांडा कुणीकडे फिरवायचा हे ठरवायची बोर्डची एक पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. एम.टू स्लॉटमध्ये दोन जातीच्या पट्ट्या बसतात, एनव्हीएमई आणि सॅटा. आकार तोच, डोळ्यांना फरक चटकन कळत नाही. स्लॉटच्या ६९ क्रमांकाच्या पिनेवर मात्र तो कळतो. सॅटा पट्टीत ही पीन अर्थिंगला जोडलेली असते, एनव्हीएमई पट्टीत मोकळी सोडलेली असते. बोर्ड तेवढं पाहतो आणि त्याप्रमाणे लेन वळवतो. वळवण्याचं काम कधी प्रोसेसर किंवा चिपसेटच्या आतच होतं, कधी बोर्डवर त्यासाठी छोट्या स्विच चिपा बसवलेल्या असतात.

आता प्रत्यक्ष बोर्ड घेऊ. एमएसआयचा बी४५० टोमाहॉक मॅक्स हा २०१९ मध्ये आलेला आणि बऱ्याच घरी अजून चालत असलेला बोर्ड. त्यावर सहा सॅटा पोर्ट, `SATA1` ते `SATA6`, आणि एक एम.टू स्लॉट. पहिले चार पोर्ट बी४५० चिपसेटमधून येतात, शेवटचे दोन थेट प्रोसेसरमधून. प्रोसेसरमधून म्हणजे साठवणीच्या त्याच चार लेनमधून, ज्या एम.टू स्लॉटलाही जातात. तेव्हा मॅन्युअलमधल्या तळटीपेचा अर्थ वाचायच्या आधीच लागतो. एम.टू स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की `SATA5` आणि `SATA6` मिळणार नाहीत. चिपसेटचे चार पोर्ट शाबूत राहतात.

समजा, हा बोर्ड लग्नाचे व्हिडिओ संपादित करणाऱ्या एखाद्याकडे आहे. `SATA1` वर विंडोजची जुनी अडीच इंची एसएसडी, `SATA2` ते `SATA4` वर कामाच्या तीन हार्ड डिस्क, `SATA5` वर दोन वर्षांच्या शूटिंगची चौथी डिस्क आणि `SATA6` वर डीव्हीडी रायटर, कारण अजूनही काही घरांतल्या आजी-आजोबांना डीव्हीडीच हवी असते. एनव्हीएमई बसवल्यावर चौथी डिस्क आणि रायटर दोन्ही नाहीसे होतील. करायचं काय?

सगळ्यात स्वस्त उपाय केबलींची अदलाबदल. विंडोज नव्या एनव्हीएमईवर हलवलं की `SATA1` वरची जुनी एसएसडी मोकळी होते, तिथं चौथी डिस्क लावायची. डिस्क एका पोर्टावरून दुसऱ्यावर नेल्यानं तिच्यावरच्या फाइली हलत नाहीत. विंडोज डिस्कला तिच्यावर लिहिलेल्या खुणेवरून ओळखतं, पोर्टाच्या नंबरावरून नाही, त्यामुळे ड्राइव्हचं अक्षरही सहसा तेच राहतं. बायोसमध्ये बूटचा क्रम तेवढा एकदा पाहून घ्यावा. रायटर यूएसबीचा घेतला की प्रश्न मिटला. क्रम मात्र महत्त्वाचा. जुनी विंडोजची एसएसडीच जर `SATA5` वर असती तर एनव्हीएमई बसवताच संगणकाला सुरू व्हायला काही सापडलं नसतं आणि घाबरलेला माणूस कोऱ्या एनव्हीएमईवर नव्यानं विंडोज टाकायला बसला असता. म्हणून पट्टी बसवण्याआधी विंडोजची डिस्क पहिल्या चारांतल्या एका पोर्टावर आणून ठेवावी.

सहाही जागा हव्याच असतील तर दोन वाटा आहेत. एक, पीसीआय एक्स्प्रेसच्या छोट्या, एका लेनच्या स्लॉटमध्ये दोन पोर्टांचं सॅटा कार्ड घालायचं. बी४५० चिपसेटच्या स्वतःच्या लेन दुसऱ्या पिढीच्या आहेत. एका लेनवर सेकंदाला ५०० मेगाबाइटची मर्यादा, प्रत्यक्षात चारशेच्या आसपास. एक हार्ड डिस्क दीडशे ते दोनशे देते, म्हणजे दोन हार्ड डिस्क त्यात आरामात मावतात. तिथं सॅटा एसएसडी लावणं मात्र पैसे पाण्यात घालणं आहे. दुसरी वाट उलटी. एम.टू स्लॉट रिकामाच ठेवायचा आणि एनव्हीएमई एका साध्या अडॅप्टर कार्डावर बसवून खालच्या लांब स्लॉटमध्ये घालायची. त्या स्लॉटलाही चिपसेटच्या दुसऱ्या पिढीच्या चारच लेन मिळतात, म्हणजे कमाल दोन हजार मेगाबाइट. साडेतीन हजारांची एसएसडी निम्म्यावर येते, पण सहाही सॅटा पोर्ट चालू राहतात. व्हिडिओचं काम करणाऱ्याला मी पहिली वाट सुचवीन. ज्याच्यावर दिवसभर काम करायचं तिला पूर्ण वेग द्यावा, जे महिन्यातून एकदा उघडायचं ते कार्डावर जावं. अर्थात खालच्या लांब स्लॉटमध्ये काही घातलं की शेजारचे छोटे स्लॉट बंद पडतात का, यासाठीही तळटीप असू शकते. चिपसेटकडे त्या जातीच्या लेन सहाच आहेत.

तर मॅन्युअल. खोक्यात बहुतेकदा झटपट जोडणीचा पातळ कागद असतो. तळटीप असलेलं पूर्ण मॅन्युअल कंपनीच्या साइटवर पीडीएफ म्हणून मिळतं. ते उतरवताना बोर्डच्या कोपऱ्यावर छापलेला नंबर पाहावा, कारण एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन आवृत्त्या असू शकतात आणि त्यांच्या लेनची वाटणी सारखीच असेल असं धरून चालू नये. पीडीएफ उघडल्यावर दोन ठिकाणी जायचं, सुरुवातीच्या तपशिलाच्या पानांवर ‘स्टोरेज’ या रकान्याखाली, आणि पुढं जिथं एम.टू कनेक्टरचं चित्र आहे तिथं. पीडीएफमध्ये `shared`, `unavailable` आणि `disabled` हे तीन शब्द शोधले तरी बहुतेक काम होतं.

नावं वाचताना जरा सावध राहावं लागतं. एमएसआय `SATA5` लिहितं तेव्हा तो पाचवा पोर्ट. एएसरॉकच्या बोर्डवर `SATA3_3` असतं. त्यातला पहिला ३ म्हणजे सॅटाची तिसरी पिढी, पोर्टचा क्रमांक शेवटचा. गिगाबाइट `SATA3 0` पासून मोजायला सुरुवात करतं, त्यामुळे तिथं `SATA3 5` म्हणजे सहावा पोर्ट. असूस `SATA6G_1` लिहितं, त्यातला ६ हा वेगाचा. मॅन्युअलमध्ये ‘पोर्ट ५’ वाचून बोटानं पाचवा पोर्ट मोजायला गेलं की चूक होते. बोर्डवर छापलेलं नाव वाचूनच केबल लावावी. पोर्ट आडवे, एकावर एक असतात तेव्हा ते नाव केबलीखाली झाकलं जातं. अशा वेळी मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवावं.

तळटिपेची भाषाही कंपनीगणिक बदलते. एएसरॉक सगळ्यात सरळ लिहितं. त्यांच्या बी४५०एम प्रो४ या बोर्डबद्दल टीप आहे की `M2_2` आणि `SATA3_3` यांच्या लेन सामायिक आहेत, एक वापरात असेल तर दुसरा बंद होईल. या बोर्डवरचा दुसरा एम.टू स्लॉट फक्त सॅटा पट्टीसाठी आहे, त्यामुळे तिथं एकास एक अशी अदलाबदल होते. काही मॅन्युअलांत मात्र ‘बँडविड्थ शेअर करतो’ एवढंच असतं आणि त्याचे दोन अर्थ निघतात. एक, दांडा फिरणार आणि पोर्ट बंद पडणार. दुसरा, दोन्ही चालणार पण चिपसेट आणि प्रोसेसर यांच्यामधल्या एकाच रस्त्यावरून जाणार, म्हणून एकदम भरपूर माहिती हलवली तर गर्दी होणार. पहिला अर्थ माहितीवर गदा आणतो, दुसरा बहुतेकांना जाणवतही नाही. एम.टू स्लॉटच्या टिपेत सॅटा पोर्टाचं नाव घेऊन हे वाक्य आलं असेल तर पहिला अर्थ धरावा.

सगळ्यात उपयोगी मॅन्युअलं ती, ज्यांत तक्ता असतो. इंटेलच्या बोर्डांसाठी गिगाबाइट असे तक्ते देत आलं आहे. वरच्या ओळीत सॅटा पोर्टांची नावं, डावीकडे एम.टू पट्टीचे प्रकार, सॅटा, चार लेनची पीसीआय एक्स्प्रेस, दोन लेनची, आणि शेवटी रिकामा स्लॉट. आतल्या चौकटींत बरोबरची खूण किंवा फुली. तक्ता प्रत्येक एम.टू स्लॉटसाठी वेगळा असतो, हे पटकन लक्षात येत नाही. समजा, पहिल्या स्लॉटच्या तक्त्यात सॅटा पट्टीच्या ओळीत `SATA3 1` खाली फुली आहे आणि एनव्हीएमईच्या ओळीत एकही फुली नाही. दुसऱ्या स्लॉटच्या तक्त्यात चार लेनच्या ओळीत `SATA3 4` आणि `SATA3 5` खाली फुल्या आहेत. दोन्ही स्लॉटमध्ये एनव्हीएमई बसवायच्या असतील तर दोन्ही तक्त्यांतल्या आपापल्या ओळी घेऊन फुल्या एकत्र करायच्या. पहिल्यातून शून्य, दुसऱ्यातून दोन, म्हणजे सहांतले चार पोर्ट उरले. पहिल्या स्लॉटमध्ये सॅटा पट्टी घातली असती तर तीनच.

एकाच स्लॉटमध्ये जात बदलली की फुली का बदलते, याचंही उत्तर लेनमध्येच आहे. सॅटा पट्टीला एकच वाट पुरते, पण ती सॅटा नियंत्रकाच्या एका पोर्टाची हवी, म्हणून तेवढा एक पोर्ट जागा सोडतो. एनव्हीएमईला चार लेन हव्यात. त्या चारांतल्या दोन एरवी सॅटा बोलत असतील तर दोन पोर्ट जातात, एकही बोलत नसेल तर काहीच जात नाही. ‘एम.टू लावलं की सॅटा जातं’ हा सरसकट नियम म्हणूनच चुकीचा ठरतो. काही बोर्डांवर हा दांडा बायोसमध्ये आपल्याला फिरवता येतो. सेटिंग चुकीच्या बाजूला असलं तर उलटा प्रकार होतो. सॅटा पोर्ट सगळे चालतात, पण एनव्हीएमई चारऐवजी दोनच लेनवर धावते किंवा दिसतच नाही.

दोन लेनचा हा प्रकार डोळ्यांना कळत नाही, मोजून पाहावा लागतो. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये `Transfer Mode` समोर दोन नोंदी दिसतात. डावीकडची आत्ता चालू असलेली, उजवीकडची एसएसडीला झेपणारी. `PCIe 3.0 x2 | PCIe 3.0 x4` असं आलं तर दोन लेन कुठंतरी अडल्या आहेत. लिनक्सवर तेच पाहण्यासाठी

```
sudo lspci -vv | grep -E "Non-Volatile|LnkCap:|LnkSta:"
```

`Non-Volatile` च्या ओळीखालची `LnkCap` म्हणजे क्षमता, `LnkSta` म्हणजे चालू स्थिती. दोन्हींकडे `Width x4` असेल तर वाटणीचा प्रश्न नाही. गायब सॅटा डिस्कसाठी मात्र यातलं काही चालवायची गरज नाही. मॅन्युअलमध्ये फुली नसलेल्या पोर्टावर तिची केबल लावून संगणक पुन्हा सुरू करावा. तिथं ती बायोसमध्ये दिसली तर निदान झालं. तिथंही दिसली नाही तर आधी केबल बदलावी आणि मगच डिस्कवर संशय घ्यावा.

अलीकडच्या बोर्डांवर ही ओढाताण जरा बदलली आहे. एएमडीच्या एएम५ प्रोसेसरमधून सॅटा काढूनच टाकलं आहे. तिथं टोमाहॉकसारखा प्रसंग उद्भवत नाही. सॅटा चिपसेटमधून येतं, आणि बी६५०च्या ज्या चार लेन सॅटा बोलू शकतात त्या पीसीआय एक्स्प्रेसही बोलू शकतात. बोर्ड बनवणाऱ्यानं त्या कशाला जुंपल्या ते पुन्हा मॅन्युअलच सांगतं. म्हणून सहाऐवजी चारच सॅटा पोर्ट असलेले नवे बोर्ड इतके दिसतात. भांडण आता वरच्या मजल्यावर गेलं आहे. इंटेलच्या तेराव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये पाचव्या पिढीच्या लेन सोळाच असतात आणि त्या ग्राफिक्स कार्डाच्या. काही झेड७९० बोर्डांवर पाचव्या पिढीचा एम.टू स्लॉट दिला आहे. त्यात एसएसडी घातली की ग्राफिक्स कार्ड सोळावरून आठ लेनवर येतं. कार्ड बंद पडत नाही, खेळात फरकही फारसा जाणवत नाही, त्यामुळे कित्येकांना ते कळतच नाही. ज्याला कळून घ्यायचं आहे त्यानं एम.टूच्या तपशिलाखाली नाही, तर पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटच्या तपशिलाखाली तळटीप शोधावी. ती तिथं असते.